आबाजी दोघांच्याही स्वप्नात आले, म्हणून?

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरून फोन आला. घरून म्हणजे गावाहून. दारव्हा तालुक्यात आमचं गाव, काळी माती, कपाशी आणि तूर, आणि उन्हाळ्यात तळाला गेलेली विहीर. मी गेली कित्येक वर्षं पुण्यात, पण "घर" म्हटलं की अजूनही तेच. फोनवर दादा होता, माझा मोठा चुलतभाऊ. आवाजात एक वेगळीच घाई.

"अरे, काल राती आबाजी सपनात आले होते. मले पण, अन् आईले पण. एकाच राती! निंबाखाली उभे राहून सांगतलं, इथं खणा."

आबाजी म्हणजे आमचे आजोबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. "आई" म्हणजे माझी काकू. निंब म्हणजे वावराच्या उत्तर धुऱ्यावरचं ते मोठं कडूनिंबाचं झाड, ज्याच्या सावलीत आम्ही सगळी भावंडं शिदोरी खाऊन मोठी झालो. आणि "खणा" म्हणजे बोअर. दादाच्या डोक्यात बोअर घालायचं दोन वर्षांपासून होतंच. आता आबाजींनी जागा दाखवली. पुढच्या आठवड्यात गाडी येणार, उसनवारी ठरली, वहिनीची पोत गहाण ठेवायचं बोलणं झालं.

मंडळी, इथवर मी काही बोललो नसतो. आबाजी माझ्याही स्वप्नात येतात. कधी कधी सकाळी उठल्यावर त्यांच्या तंबाखूचा वास आल्यासारखा वाटतो आणि दिवसभर बरं वाटतं. त्याच्याशी वाद घालणारा मी कोण? पण वहिनीची पोत ही स्वप्नातली गोष्ट नाही. म्हणून हा लेख. घरातले सगळे हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे, आणि वाचावा म्हणूनच लिहितोय. राग येणार असेल तर शेवटपर्यंत वाचून मग यावा, एवढीच विनंती.

फॅमिली ग्रुपवर त्या दिवशी जे झालं ते तुमच्याही घरी होत असेल. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. आणि मग नागपूरचे आमचे आतेभाऊ, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मैदानात उतरले. अण्णा निवृत्त शिक्षक, तेही विज्ञानाचे. त्यांनी लांबलचक मजकूर टाकला. सार असं की दोन माणसांना एकच स्वप्न पडणं ही अंधश्रद्धा नाही, त्याला ड्रीम टेलिपथी म्हणतात, अमेरिकेत त्यावर प्रयोग झालेत आणि सिद्ध झालंय. आणि आपल्याकडे तर शिर्डीचा समाधी मंदिराचा दाखला आहेच.

दादाचं स्वप्न मी समजू शकतो. अण्णांचं "सिद्ध झालंय" मात्र मला पचलं नाही. कारण दादा हळवा झाला होता, आणि अण्णांनी त्याच्या हळवेपणावर विज्ञानाचा शिक्का मारून दिला. तेव्हा आधी अण्णांचे दोन दाखले बघू, मग आमच्या निंबाकडे येऊ.

पहिला दाखला शिर्डीचा. गोष्ट खरंच आहे, म्हणजे लिहिलेली आहे. हेमाडपंतांच्या श्रीसाईसच्चरिताच्या ३९ व्या अध्यायात ती येते. बापूसाहेब बुट्टी हे आपल्या नागपूरचे मोठे धनिक. ते शिर्डीत दीक्षित वाड्यात माधवराव देशपांड्यांसोबत, म्हणजे शामासोबत, झोपले होते. बुट्टींना स्वप्नात बाबा दिसले, म्हणाले की मंदिरासह वाडा बांध. जाग आली तर शेजारी शामा रडतोय. का रडतोस म्हणून विचारलं, तर शामानं सांगितलं की बाबा स्वप्नात आले होते आणि त्यांनी मंदिरासह वाडा बांधायला सांगितलं. दोघांचं स्वप्न जुळलं. पुढे आराखडा झाला, बाबांनी संमती दिली, वाडा उभा राहिला, आणि १५ ऑक्टोबर १९१८ ला बाबांनी देह ठेवल्यावर त्यांना तिथेच समाधी दिली गेली. आज लाखो लोक जिथे माथा टेकतात ते समाधी मंदिर म्हणजे तोच बुट्टी वाडा.

आमच्या घरात दर गुरुवारी आरती होते, त्यामुळे हे मी जपून लिहितो. कोणाची श्रद्धा खोटी असं मला म्हणायचंच नाही. मी फक्त एवढंच विचारतोय, की ही गोष्ट एका मनातून दुसऱ्या मनात स्वप्न गेल्याचा पुरावा आहे का?

नीट बघा. दोघं एकाच वाड्यात, शेजारी शेजारी झोपलेले. दोघांचा दिवस एकाच माणसाभोवती गेलेला. बुट्टी श्रीमंत भक्त, शिर्डीत स्वतःची वास्तू असावी हे अशा माणसाच्या मनात येणं अगदी साहजिक. शामा बाबांच्या अगदी जवळचा, कोणी भक्त काय बांधू म्हणतो, कुठे बांधू म्हणतो, हे बोलणं त्याच्या कानावर पडणार नाही तर कोणाच्या? मग दोघांच्या स्वप्नात बाबाच येणार, शेजारच्या गावचा पाटील नाही. आणि बाबा काहीतरी आज्ञाच करणार, कारण जागेपणीही ते भक्तांना आज्ञाच करत. आपल्याकडे म्हणच आहे, मनी वसे ते स्वप्नी दिसे. दोघांच्या मनी एकच वसत असेल तर दोघांच्या स्वप्नी दुसरं काय दिसणार?

अजून एक. आपल्यापर्यंत जे पोचलं ते त्या पहाटेचं टिपण नाही. हेमाडपंतांनी पोथी लिहिली ती बाबांच्या समाधीनंतर, १९२० च्या दशकात. तोवर वाडा बांधून झाला होता, त्यात समाधी झाली होती, आणि त्या स्वप्नाला जो अर्थ आला तो आधीच येऊन गेला होता. अशा वेळी दोन स्वप्नांतले फरक कोण लक्षात ठेवणार? एकात वाडा मोठा आणि देऊळ लहान असेल, दुसऱ्यात नुसतं देऊळ असेल, काय माहीत. सांगताना ते "एकच" होतं. पोथीचं काम भक्ती वाढवणं आहे, आणि ते ती उत्तम करते. तिला प्रयोगशाळेची वही करू नका, एवढंच माझं म्हणणं. तो पोथीचाच अपमान आहे.

आता अमेरिका. अण्णा ज्याबद्दल बोलत होते ते प्रयोग न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या मायमॉनिडीज रुग्णालयात झाले, १९६० च्या दशकापासून १९७८ पर्यंत. माँटेग्यू उलमन नावाचे मनोविकारतज्ज्ञ आणि स्टॅन्ली क्रिप्नर हे मानसशास्त्रज्ञ, हे त्यातले प्रमुख. ही माणसं भोंदू नव्हती, हे आधी सांगतो. पद्धत अशी होती. एक जण प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून झोपायचा. दुसरा जण लांबच्या खोलीत एका बंद पाकिटातलं चित्र काढून त्यावर रात्रभर लक्ष एकवटायचा. झोपलेल्याची बुबुळं पापणीखाली भराभर हलायला लागली की समजायचं स्वप्न चालू झालं. तो टप्पा संपता संपता त्याला उठवून काय दिसलं ते विचारायचं आणि ध्वनिमुद्रित करायचं. शेवटी बाहेरच्या परीक्षकांना ते वर्णन आणि आठ किंवा बारा चित्रांचा गठ्ठा द्यायचा, आणि सांगायचं, कुठलं चित्र किती जुळतं त्याप्रमाणे क्रम लावा. त्या रात्रीचं खरं चित्र कुठलं हे परीक्षकांना माहीत नसायचं.

खरं चित्र वरच्या अर्ध्या क्रमांकांत आलं तर बरोबर, खालच्या अर्ध्यात आलं तर चूक. म्हणजे नुसत्या नशिबावर सोडलं तरी १०० पैकी ५० वेळा बरोबर येणार. टेलिपथीच्या समर्थकांनीच सगळ्या मालिका एकत्र करून जो आकडा मांडला तो सुमारे ४५० रात्रींत ६३ टक्क्यांचा आहे. पन्नासऐवजी त्रेसष्ट.

हा आकडा जसाच्या तसा खरा धरला तरी त्याचा अर्थ काय होतो बघा. दोन माणसांना एकच स्वप्न पडलं, असं त्या प्रयोगात कोणीही म्हणत नव्हतं. एक जण जागा होता, चित्र बघत होता. दुसऱ्याच्या गोंधळलेल्या वर्णनात त्या चित्राची छटा कुठेतरी सापडते का, एवढाच प्रश्न होता. आणि सापडली तरी कशी, तर बारा चित्रांत पहिल्या सहांत. "अमुक झाडाखाली खणा" इतका स्पष्ट निरोप तिथे कोणाला कधी मिळाला नाही. ज्याला अण्णा पुरावा म्हणतात तो पूर्ण मान्य केला तरी आमच्या निंबापर्यंत पोचत नाही.

आणि तो पूर्ण मान्य करायलाही अडचण आहे. रॉबर्ट व्हॅन डी कॅसल नावाचे स्वप्नांचे एक अभ्यासक मायमॉनिडीजमध्ये झोपले होते आणि त्यांचे निकाल फारच चांगले आले होते. मग वायोमिंग विद्यापीठात डेव्हिड फुल्क्स आणि एडवर्ड बेल्व्हेडेअर यांनी तोच प्रयोग करून बघायचं ठरवलं. झोपायला बोलावलं कोणाला? त्याच व्हॅन डी कॅसलना, म्हणजे ज्यांना जमतं असं मानलं जात होतं त्यांनाच. १९७१ साली निकाल छापून आला: नशिबानं येईल त्यापेक्षा जास्त काहीही आलं नाही. तोच माणूस, तशीच पद्धत, दुसरी प्रयोगशाळा, आणि जादू गायब. विज्ञानात "सिद्ध झालंय" हे तेव्हा म्हणतात जेव्हा दुसऱ्याच्या घरीही दिवा लागतो. अण्णांनी वर्गात मुलांना हेच शिकवलं असणार. घरच्या ग्रुपवर मात्र विसरले.

असो. आता आमचं स्वप्न.

मी ठरवलं की वाद घालण्याआधी चौकशी करायची. काकूला वेगळा फोन केला, दादाला वेगळा, वहिनीला वेगळा. कोणालाही "निंब दिसला का?" असं विचारलं नाही. "काय दिसलं ते पहिल्यापासून सांग" एवढंच. यात एक नशिबानं मदत झाली. काकूनं त्या दिवशी पहाटे उठल्या उठल्या, दादाशी बोलायच्या आधी, अमरावतीच्या ताईला व्हॉइस मेसेज पाठवला होता. सकाळी ६ वाजून ४० मिनिटांचा. ताईनं तो मला पाठवला. स्वप्नाच्या बाबतीत याहून चांगला कागद मिळत नाही. कारण स्वप्न हे काही मिनिटांत विरतं, आणि एकदा दुसऱ्याला सांगितलं की पुढे आपल्याला स्वप्न आठवत नाही, आपण सांगितलेली गोष्ट आठवते.

काकूच्या त्या मेसेजमध्ये काय आहे? आबाजी जुन्या विहिरीच्या थारोळ्यावर बसलेत. हातात रिकामी घागर. म्हणतात, "तहान लागली व माय." काकू पाणी आणायला धावते आणि तिला दोर सापडत नाही. संपलं. निंबाचं नाव नाही. "खणा" हा शब्द नाही.

दादाचं स्वप्न, त्याच्याच तोंडून: आबाजी निंबाखाली उभे, हातात तुरीची काडी, त्या काडीनं जमिनीवर रेघ ओढताहेत. "काही बोलले का रे?" मी विचारलं. दादा थांबला. "बोलले असतील... नाही, बोलले नाही बहुतेक. पण समजलं मले."

आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर काय फिरत होतं? आबाजी निंबाखाली उभे राहिले, घागर दाखवली आणि म्हणाले, इथं खणा. मंडळी, हे स्वप्न दोघांपैकी एकालाही पडलेलं नाही! काकूची घागर, दादाचा निंब, आणि "इथं खणा" हे चहा पिताना दोघांच्या मध्ये कुठेतरी तयार झालं. कोणी खोटं बोललं नाही. काकू म्हणाली तहान लागली होती, दादा म्हणाला मग म्हणूनच जागा दाखवत होते, काकू म्हणाली हो रे बाबा. झालं. दोन तुकडे शिवून एक गोधडी.

तरी जुळलेला भाग उरतोच. दोघांच्याही स्वप्नात आबाजी, दोघांच्याही स्वप्नात वावर, दोघांच्याही स्वप्नात पाणी. तो कुठून आला?

एक तर तो दिवस. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं घागर भरतात. नवी घागर, त्यात पाणी, वर आंबा, आणि गेलेल्याचं नाव घेऊन नैवेद्य. त्या दिवशी दुपारी अख्ख्या घरानं आबाजींचं नाव घेऊन घागरीत पाणी ओतलं होतं. त्या रात्री स्वप्नात आबाजी आणि घागर येणार नाहीत तर काय रेल्वे इंजिन येणार?

दुसरं, निंब. हे मला वहिनीनं सांगितलं, आणि तेही सहज. आदल्या दिवशी संध्याकाळी बोअरवाला जागा बघायला आला होता. तो म्हणाला, बोअरची गाडी मोठी असते, जुन्या विहिरीकडे जायला बांध आडवा येतो, गाडी फक्त उत्तरेच्या धुऱ्यानं निंबापर्यंत येईल. जेवताना दादा तेच बोलत होता. म्हणजे निंबाची जागा आबाजींच्या आधी बोअरवाल्यानं दाखवली होती! आणि ती पाण्यासाठी नाही, गाडी वळवण्यासाठी.

तिसरं मला फारच आवडलं. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळे अंगणात बाजा टाकून झोपतात. काकूची बाज आणि दादाची बाज यांत दहा फुटांचं अंतर. मी वहिनीला विचारलं, रात्री काही झालं होतं का? ती म्हणाली, "काही नाही जी. पहाटे चार थेंब आले, मी उठून कुरडयांवर कापड टाकलं अन् परत झोपली." चार थेंब! विल्यम डीमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट या अमेरिकन संशोधकांनी १९५८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. स्वप्न चालू असलेल्या माणसाच्या अंगावर थोडं गार पाणी शिंपडायचं आणि जागं करून विचारायचं. ४२ टक्के वेळा स्वप्नात पाणी आलेलं होतं. कोणाच्या छताला गळती लागली, कोणावर कोणी पाणी ओतलं, असं. आमच्या अंगणात त्या पहाटे हा प्रयोग निसर्गानं फुकटात केला. मी असं म्हणत नाही की थेंबांमुळेच स्वप्न पडलं. ते मला सिद्ध करता येणार नाही. पण एकाच अंगणात, एकाच थेंबांखाली, एकच दिवस जगून झोपलेल्या दोन माणसांची स्वप्नं थोडीफार जुळली, तर त्यासाठी टेलिपथीची गरज कुठे उरते? बुट्टी आणि शामाही एकाच छताखाली होते, हे आठवतंय ना?

आता अण्णांचा शेवटचा बाण. "पण एकाच रात्री? योगायोग इतका?" चला, हिशोब करू, पाचवीच्या गणिताइतका. आमच्या घरात मोठी माणसं बारा. बारा माणसांच्या जोड्या होतात ६६. अक्षय्य तृतीयेच्या आसपासचे दहा दिवस धरा. या दिवसांत कुठल्याही एका रात्री एखाद्याला आबाजी आणि वावर-पाणी असं स्वप्न पडून सकाळी आठवण्याची शक्यता वीसात एक धरू. रात्रीतून चार-पाच वेळा आपण स्वप्नाच्या झोपेत जातो हे लक्षात घेता हे काही फार नाही. मग एका जोडीला एकाच रात्री दोघांना तसं स्वप्न पडायची शक्यता वीस गुणिले वीस, म्हणजे चारशेत एक. दुर्मिळ वाटतं ना? पण जोड्या ६६ आणि रात्री १०, म्हणजे संधी ६६०. सहाशे साठ भागिले चारशे, दीडच्या वर. म्हणजे आमच्या घरात अशा दहा दिवसांत अशी एखाद-दुसरी जोडी जुळणं हेच अपेक्षित आहे! माझा वीसात एक हा अंदाज आहे, तुम्ही चाळीसात एक धरा. मग उत्तर ०.४ येतं. म्हणजे दोन-तीन वर्षांतून एकदा. आबाजींना जाऊन सहा वर्षं झालीत.

आणि न जुळलेल्यांचं काय? त्याच रात्री वहिनीच्या स्वप्नात दारव्ह्याची एसटी चुकली. काकांना काहीच पडलं नाही, ते घोरत होते. मला पुण्यात स्वप्न पडलं की मी दहावीच्या पेपरला पेन विसरलो. ही स्वप्नं ग्रुपवर कोणी टाकली नाहीत. जुळलं तेवढं वर येतं, बाकीचं सकाळच्या चहाबरोबर विरघळतं. मग आपण म्हणतो, बघा कसं जुळतं!

अण्णांना माझा साधा प्रस्ताव आहे. घरातल्या बाराही जणांनी महिनाभर उशाशी वही ठेवावी. उठल्यावर कोणाशी बोलायच्या आधी स्वप्न लिहावं, तारीख-वेळ घालावी, फोटो काढून ताईला पाठवावा. ताईनं महिनाअखेरीस नावं आणि तारखा झाकून ती दारव्ह्याच्या कुठल्याही परक्या माणसाला द्यावी आणि जोड्या लावायला सांगावं. एकाच रात्रीची स्वप्नं वेगवेगळ्या रात्रींच्या स्वप्नांपेक्षा जास्त जुळली तर बोलू. आणि तीही एका अंगणात झोपलेल्यांची नकोत, नागपूर आणि गाव अशी हवीत. अण्णांनी अजून उत्तर दिलेलं नाही. हात जोडलेले आलेत.

दादाशी मात्र मी वेगळं बोललो. त्याला म्हटलं, पाणी लागलं तर काय म्हणशील? "आबाजीची कृपा." नाही लागलं तर? "आपलं नशीब." म्हटलं दादा, मग आबाजी चुकू शकतच नाहीत, आणि जो चुकू शकत नाही त्याच्या सल्ल्यावर पोत गहाण ठेवायची नसते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते खडकाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात. भेग दहा फूट इकडे असेल तर पाणी, दहा फूट तिकडे असेल तर दोनशे फूट नुसती भुकटी. निंब हिरवागार आहे ही खूण काही अगदीच टाकाऊ नाही, पण झाडाची मुळं वरच्या थरातला ओलावाही पितात, तेवढ्यावर खोल भेग कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा नावाचं सरकारी खातं याच कामासाठी आहे. भूशास्त्रज्ञ आसपासच्या विहिरी बघतो, जमिनीत वीज सोडून खडकाचा विरोध मोजतो, आणि तरीही "नक्की" असं म्हणत नाही. "इथे शक्यता जास्त, तिथे कमी" एवढंच म्हणतो. जो नक्की म्हणत नाही त्याच्यावर जास्त विश्वास ठेव, असं मी दादाला म्हटलं. हे त्याला पटायला जड गेलं, आणि का जावं नाही? आबाजी आपले, भूशास्त्रज्ञ परका.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आबाजी आलेच नाही म्हणतो काय तू?"

याचं उत्तर मला फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून इथे देतो. दादा, आबाजी आले. तुझ्या आठवणीतून आले, काकूच्या आठवणीतून आले, घागर भरताना तुम्ही त्यांचं नाव घेतलं म्हणून आले. काकूच्या स्वप्नात ते तहानलेले होते, कारण काकूनं त्यांना शेवटचे दोन दिवस चमच्यानं पाणी पाजलं होतं. तुझ्या स्वप्नात ते जमिनीवर रेघ ओढत होते, कारण तुला नांगर धरायला त्यांनीच शिकवलं. ही दोन वेगवेगळी माणसं आहेत, दोन वेगवेगळ्या नात्यांतली. त्यांना शिवून "इथं खणा" म्हणणारा एक निरोप्या केला, की काकूचे आबाजीही जातात आणि तुझेही. आणि उद्या बोअर कोरडी गेली तर त्याचा डाग कुठे ना कुठे त्यांच्या नावाला लागणार. मला ते नकोय.

काल वहिनीचा फोन होता. बोअरची गाडी पुढे ढकललीये, दादा यवतमाळला खात्याच्या कार्यालयात अर्ज देऊन आलाय. जुन्या विहिरीतला गाळ आधी काढून बघू, असं काका म्हणताहेत. पोत गळ्यातच आहे. काकू माझ्यावर थोडी रुसलीये, पण तिनं तो व्हॉइस मेसेज मोबाईलमध्ये जपून ठेवायला ताईकडून शिकून घेतलंय.

तो ठेवायलाच हवा. त्यात आबाजींची तहान आहे, आणि ती फक्त तिची आहे.